जादू कुठे संपते आणि धर्म कुठे सुरू होतो? काविळीच्या एका ऋचेवरून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सदाशिव पेठेत आमचा मानववंशशास्त्राचा एक छोटा वाचनगट रविवारी सकाळी भरतो. येणाऱ्यांत काही एम.ए.ची मुलं असतात, काही निवृत्त मंडळी असतात, एक-दोन पौरोहित्य करणारेही असतात. जादू आणि धर्म हा विषय निघाला की तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतो आहे. जगभरातली उदाहरणं गोळा करण्यापेक्षा मी एकच उदाहरण धरलं आहे, कारण तेवढ्या एकात सगळा वाद दिसतो.

हा भेद शास्त्रात आणला कुणी?

एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश अभ्यासकांनी. एडवर्ड टायलर यांनी 1871 मध्ये जादू म्हणजे विचारांची चुकीची सांगड, असं मांडलं. मनात दोन गोष्टी जोडल्या गेल्या म्हणजे त्या जगातही जोडलेल्या असणार, असं आदिमानवाने धरलं, हा त्यांचा मुद्दा होता. त्यावर जेम्स फ्रेझर यांनी 1890 मध्ये ‘द गोल्डन बाऊ’ या ग्रंथात मोठी इमारत उभारली. दोन खंडांचा हा ग्रंथ पुढे बारा खंडांपर्यंत वाढला.

फ्रेझर यांची विभागणी समजायला सोपी होती, म्हणूनच ती टिकली. धर्मात माणूस आपल्यापेक्षा मोठ्या शक्तीला विनवतो. ती प्रसन्न होईल किंवा होणार नाही, तिची मर्जी. जादूत विनवणीला जागाच नाही. योग्य कृती योग्य रीतीने केली की फळ मिळालंच पाहिजे, कळ दाबली की दिवा लागावा तसं. या कृतींमागे त्यांना दोन नियम दिसले. सारख्यातून सारखं निपजतं हा एक, आणि एकदा चिकटलेल्या वस्तू वेगळ्या झाल्या तरी त्यांचा परस्परांवर परिणाम होत राहतो हा दुसरा. माणूस आधी जादूत होता, ती फसते असं कळल्यावर धर्माकडे वळला आणि शेवटी विज्ञानाकडे, असा त्यांनी लावलेला क्रम.

एखादं ठोस उदाहरण?

फ्रेझर यांनीच दिलेलं घेऊ. ते आपल्या इथलं आहे आणि आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

अथर्ववेदाच्या पहिल्या कांडातलं बाविसावं सूक्त चार ऋचांचं आहे आणि ते काविळीवरचं आहे. सूक्तात नुसते शब्द असतात. ते म्हणताना करायचं काय, हे कौशिकसूत्र सांगतं. तो विधी साधारण असा. तांबड्या बैलाचे केस पाण्यात घालून ते पाणी रोग्याला पाजायचं. बैलाच्या पाठीवरून ओतलेलं पाणीही पाजायचं. रोग्याला तांबड्या बैलाच्या कातड्यावर बसवायचं आणि त्या कातड्याचा तुकडा त्याला बांधायचा. मग हळदीचा भात. तो थोडा खाऊ घालायचा आणि उरलेल्याने रोग्याला डोक्यापासून पायापर्यंत माखायचं. त्याला खाटेवर ठेवून खाटेच्या पायाशी पिवळ्या दोऱ्याने पिवळे पक्षी बांधायचे आणि वरून पाणी ओतायचं. अंगावरची हळद धुपून वाहत जाते ती पक्ष्यांच्या दिशेने. शेवटी तांबड्या बैलाचे केस सोन्याच्या पत्र्यात गुंडाळून रोग्याच्या अंगाला चिकटवायचे.

क्षणभर ती खाट डोळ्यांसमोर आणा. रोगी आधीच पिवळा, त्यात त्याला आणखी पिवळा करतात. आतला पिवळेपणा बाहेर काढून सगळ्यांना दिसेल असा अंगावर आणतात आणि मग धुऊन टाकतात. ज्यांना पिवळं असणंच शोभतं त्यांच्याकडे तो जातो. मोकळ्या झालेल्या जागी तांबडा रंग भरतात, तोही धडधाकट बैलाचा. फ्रेझर यांच्या हाती याहून चांगला पुरावा लागणं कठीण होतं. सारख्यातून सारखं, आणि विनवणी कुठेच नाही. त्यांनी हा विधी जादूच्या प्रकरणात नोंदवला. मॉरिस ब्लूमफील्ड यांनी 1897 मध्ये अथर्ववेदातल्या निवडक सूक्तांचं इंग्रजी भाषांतर केलं, त्यातही हे सूक्त ‘काविळीवरचा मंत्रतंत्र’ अशाच अर्थाच्या शीर्षकाखाली आहे.

मग हे उदाहरण त्यांच्या बाजूचंच झालं. शंका कुठे येते?

सूक्ताची चौथी ऋचा मोठ्याने वाचा:

शुकेषु ते हरिमाणं रोपणाकासु दध्मसि ।
अथो हारिद्रवेषु ते हरिमाणं नि दध्मसि ॥

तुझा पिवळेपणा आम्ही पोपटांत ठेवतो, रोपणाकांत ठेवतो, हारिद्रवांत ठेवतो. (रोपणाका म्हणजे सारिका, असं सायणाचार्य सांगतात. हारिद्रव हा पक्षी की झाड, यावर मतभेद आहेत.)

हीच ऋचा ऋग्वेदातही आहे. पहिल्या मंडलातलं पन्नासावं सूक्त सूर्याचं, तेरा ऋचांचं, त्यातली ही बारावी. फरक एका शब्दाचा. तिथे ‘ते’च्या जागी ‘मे’ आहे, म्हणजे तुझा नव्हे, माझा पिवळेपणा. अथर्ववेदात दुसरा कुणीतरी रोग्यासाठी म्हणतो, ऋग्वेदात रोगी स्वतः म्हणतो. बाकी शब्द तेच, पक्षीही तेच.

ऋग्वेदातलं हे सूक्त सूर्योपासनेचं म्हणून वाचलं जातं आणि त्याला जादू म्हणायला कुणी धजावत नाही. पुण्यात आजही पहाटे तृचाकल्पाप्रमाणे सूर्यनमस्कार घालणारे लोक आहेत. ‘उद्यन्नद्य मित्रमह’ने सुरू होणाऱ्या ज्या तीन ऋचांवर ते नमस्कार बेतलेले आहेत, त्यांतली मधली ऋचा हीच. आमच्या गटातले एक काका चाळीस वर्षं नमस्कार घालतात. आपण रोज सकाळी आपली कावीळ पोपटांच्या अंगावर टाकतो आहोत, हे त्यांना अर्थ सांगितल्यावर कळलं, आणि ते बराच वेळ गप्प बसून राहिले.

म्हणजे तीच ऋचा एका संहितेत धर्म, दुसऱ्या संहितेत जादू आणि पटांगणावर व्यायाम. फरक ऋचेत नसेल तर तो वाचणाऱ्याने बाहेरून आणलेला असला पाहिजे.

पण विनवणी आहे की सक्ती, ही कसोटी शब्दांवरही लावता येईल ना?

लावून बघूच, कारण गंमत व्याकरणातच आहे. ऋग्वेदातली अकरावी ऋचा म्हणते, ‘हृद्रोगं मम सूर्य हरिमाणं च नाशय’. सूर्याला हाक मारली आहे आणि ‘नाशय’ हे आज्ञार्थी रूप इथे प्रार्थनेचं आहे. हा फ्रेझर यांच्या व्याख्येतला शुद्ध धर्म. लगेच पुढच्या ऋचेत ‘दध्मसि’, म्हणजे ‘आम्ही ठेवतो’. कुणाला हाक नाही, कुणाची परवानगी नाही, बोलता बोलता काम उरकलं. ही त्यांच्या व्याख्येतली शुद्ध जादू. आणि तेराव्या ऋचेत ‘हा आदित्य संपूर्ण सामर्थ्यानिशी उगवला’ म्हणत पुन्हा देव येतो, तोही शत्रूला माझ्या हाती देणारा म्हणून.

कसोटी मनापासून लावली तर म्हणणाऱ्याला अकराव्या ऋचेत धार्मिक, बाराव्यात जादूगार आणि तेराव्यात पुन्हा धार्मिक म्हणावं लागेल. एका दमात तीन ऋचा म्हणणाऱ्याला मध्ये कुठेही उंबरठा ओलांडल्यासारखं वाटत नाही. उलट अथर्ववेदातलं ते सूक्तही ‘पिवळेपणा सूर्याच्या मागोमाग वर जावो’ अशाच मागण्याने सुरू होतं आणि त्यातल्या तांबड्या गाईंना ‘देवत्या’, म्हणजे देवतेच्या, असं म्हटलेलं आहे. जादू म्हणून बाजूला काढलेल्या विधीत देव आहेतच.

फ्रेझर यांना हे दिसलं नाही?

दिसलं होतं, आणि हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. वैदिक यज्ञविधी आरंभापासून शेवटापर्यंत जादूने भरलेला आहे, हे जर्मन वेदाभ्यासक ओल्डेनबर्ग यांचं मत त्यांनी स्वतः उद्धृत केलं आहे. भारतात मांत्रिक प्रत्यक्ष ब्रह्मा-विष्णू-महेशांनाही मंत्रांनी राबवून घेतात, असंही त्यांनी लिहिलं. पण याला त्यांनी गल्लत म्हटलं. मूळचे दोन वेगळे प्रवाह पुढे एकमेकांत मिसळले, असा खुलासा केला.

माझ्या मते सगळं इथेच फसतं. प्रत्यक्षात सापडणारी जवळपास प्रत्येक गोष्ट मिश्रण निघते, आणि शुद्ध जादू नि शुद्ध धर्म फक्त कल्पिलेल्या भूतकाळात असतात. असं असेल तर ते दोन प्रवाह कधी वेगळे होते हे कशावरून ठरवायचं? ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी 1965 मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला. मी घोडा असतो तर काय केलं असतं, अशा धर्तीवर आरामखुर्चीत बसून आदिमानवाचं मन रचलं गेलं, असं ते म्हणाले.

द्यूर्केम यांची कसोटी जास्त भक्कम नाही का?

ती वेगळी आहे आणि जास्त विचार करायला लावणारी आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्यूर्केम यांनी 1912 मध्ये सांगितलं की भेद श्रद्धेत शोधू नका, माणसं कशी जोडली जातात ते बघा. धर्म माणसांना एका समुदायात बांधतो. जादूगाराकडे समुदाय नसतो, गिऱ्हाईक असतं. वैद्याचे रोगी जसे एकमेकांना ओळखत नाहीत तशी त्याची गिऱ्हाइकंही.

आता आपल्या घरी वास्तुशांत करायला येणारे गुरुजी आठवा. कुणाकडून तरी नंबर मिळतो, फोन होतो, यादी येते, दक्षिणा ठरते. गुरुजी सकाळी कोथरूडला एक वास्तुशांत करून दुपारी हडपसरला दुसरी करतात. त्या दोन यजमानांची एकमेकांशी ओळख नसते, आणि गुरुजींमुळे ती होतही नाही. द्यूर्केम यांच्या कसोटीवर हे गुरुजी जादूगार ठरतात. उलट गावाची सामुदायिक करणी उतरवायला देवऋषी बसतो तेव्हा सगळी आळी जमते, मग ते धर्मात जातं. निष्कर्ष इतका उलटा येतो याचं कारण ही कसोटी चर्चसारखी संस्था डोळ्यांसमोर ठेवून बनवली आहे. आपल्याकडे ज्यांना ‘धर्मकृत्य’ म्हणतात त्यांतली बरीच घरापुरती आणि ठरवून बोलावलेल्या माणसाकडून होतात.

मग हा भेद आला तरी कुठून?

याचं सर्वांत पटणारं उत्तर स्टॅनली तांबय्या यांनी दिलं. ते श्रीलंकेचे, पुढे हार्वर्डला शिकवत होते. 1990 मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी दाखवलं की देवाची विनवणी करणं हा खरा धर्म आणि वस्तूंनी-शब्दांनी काही घडवून आणणं ही जादू, हा विचार युरोपातल्या प्रोटेस्टंट सुधारणेत धारदार झाला. देव पूर्ण स्वतंत्र आहे, त्याला कुठल्याही विधीने बांधता येत नाही, असं सुधारकांचं म्हणणं. धर्मगुरूने शब्द उच्चारले की भाकरी ख्रिस्ताचं शरीर होते, मंतरलेल्या पाण्याने संकट टळतं, हे सगळं त्यांनी जादू म्हणून झिडकारलं. आपल्याकडे गणेश चतुर्थीला घरोघर प्राणप्रतिष्ठेचे मंत्र म्हटले की शाडूची मूर्ती देव होते. त्यावरही त्यांनी नेमका हाच आक्षेप घेतला असता.

म्हणजे एका ख्रिस्ती गटाने दुसऱ्या ख्रिस्ती गटाला हिणवण्यासाठी वापरलेला शब्द तीनशे वर्षांनी शास्त्राची संज्ञा बनला आणि जगभरच्या लोकांना लावला गेला. हिल्ड्रेड गीर्ट्झ यांनी 1975 मध्ये हीच हरकत इतिहासकार कीथ थॉमस यांच्यावर घेतली. इंग्लंडमधल्या जादूच्या ऱ्हासावर त्यांचा गाजलेला ग्रंथ आहे. भांडणातल्या एका पक्षाची भाषा तुम्ही भांडण समजून घेण्याचं साधन म्हणून वापरता आहात, असं गीर्ट्झ यांचं म्हणणं.

आपल्या परंपरेत असा भेद नव्हता का?

भेद होते, पण दुसऱ्या जागी. वेदातला शब्द ‘यातु’. मराठीत अभ्यासक ‘यातुविद्या’ म्हणतात ते त्यावरूनच, आणि फारसीतून आलेला ‘जादू’ हा शब्दही त्याचाच भाऊबंद. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात वसिष्ठांच्या तोंडी शपथ आहे: ‘अद्या मुरीय यदि यातुधानो अस्मि’, मी यातुधान, म्हणजे यातु करणारा, असेन तर आजच मरो. ज्या माणसाच्या मंत्रांनी इंद्र धावून येतो असं परंपरा सांगते, तोच आरोप झाल्यावर कळवळून म्हणतो, मी तसला नाही. मंत्रसामर्थ्य त्याला नाकारायचं नाही. नाकारायचा आहे तो दुसऱ्याचं वाईट केल्याचा ठपका.

व्यवहारातली मराठीही अशीच चालते. नवस, अनुष्ठान, उतारा, दृष्ट, अंगारा, करणी, मूठ मारणं हे शब्द आपण अचूक वापरतो, पण त्यांच्यामध्ये जादू आणि धर्म अशी रेघ ओढत नाही. माझी आजी तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावून ‘शुभंकरोती’ म्हणायची. मग त्याच हातांनी, त्याच लुगड्याच्या ओच्यात मीठ-मोहऱ्या नि लाल मिरच्या घेऊन धाकट्या भावावरून ओवाळायची आणि शेगडीत टाकायची. मिरच्या चरचरल्या आणि ठसका लागला नाही तर म्हणायची, ‘बघ, केवढी लागली होती.’ शेवटी देव्हाऱ्यातला अंगारा त्याच्या कपाळी. सगळं मिळून पाच मिनिटं. यातलं कितवं मिनिट धर्माचं, असा प्रश्न तिला विचारला असता तर तिला तो कळलाच नसता, आणि ती अजिबात गोंधळलेली बाई नव्हती. तिला रेघ ठाऊक होती. ‘करणी’ हा शब्द ती घरात उच्चारू द्यायची नाही.

इव्हान्स-प्रिचर्ड यांना मध्य आफ्रिकेत आझांडे लोकांतही हेच आढळलं. 1937 मध्ये त्यांनी दाखवलं की चेटूक, औषधी-मंत्र आणि कौल यांच्यासाठी आझांडेंचे स्वतःचे वेगळे शब्द आहेत. संशोधकांची शंका माणसं भेद करतात यावर नाही. एकच भेद सगळीकडे सापडेल, या गृहीतावर आहे.

‘जादू’ म्हणायचं नाही, तर त्या काविळीच्या विधीला समजून घ्यायचं कसं?

तांबय्या यांनी 1968 आणि 1973 च्या निबंधांत वाट दाखवली. अशा विधीला फसलेलं विज्ञान समजलात की प्रश्नच चुकतो, असं ते म्हणतात. वैज्ञानिक उपमा काय होईल याचं भाकीत करते. विधीतली उपमा काय व्हावं ते घडवण्याचा यत्न करते. ‘दध्मसि’ हे जगाचं वर्णन नाही. लग्नात ‘सावधान’ झालं की दोघांचं नातं बदलतं, तसं ते बोलणं हीच कृती आहे. हळद, पक्षी, तांबडं कातडं यांनी रोग्याला आणि भोवतालच्यांना बदल डोळ्यांनी दाखवला जातो. म्हणून अशा विधीबद्दल खरा की खोटा हे विचारण्याआधी, तो नीट झाला का, योग्य माणसाने योग्य वेळी केला का, हे विचारायचं.

मला हे पटतं, पण अर्धंच. रोग्याच्या आईला उपमा नको होती, मुलाचे डोळे पांढरे व्हायला हवे होते. कौशिकसूत्राची यादी इतकी काटेकोर आहे की करणाऱ्यांना फळाची खरीखुरी अपेक्षा होती हे झाकता येत नाही. तांबय्यांचे टीकाकार हेच बोट ठेवतात.

म्हणजे मंत्राने कावीळ उतरते असं तुमचं म्हणणं आहे?

नाही. हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचं उत्तर स्पष्ट आहे. कावीळ हे लक्षण आहे, रोग यकृतात, पित्तमार्गात किंवा रक्तात असतो. दूषित पाण्यातून होणारी ‘ए’ प्रकारची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते. म्हणूनच डोक्यावर ठेवलेली काविळीची माळ गळ्यातून पायापर्यंत उतरेपर्यंत रोगीही सुधारलेला असतो आणि श्रेय माळेला जातं. माळ लांबते ती काड्या वाळून आकसल्यामुळे आणि गाठी सैल पडल्यामुळे. पण पित्तनलिकेतला खडा माळेने हलत नाही, आणि ‘ई’ प्रकारची कावीळ गरोदर बाईचा जीव घेऊ शकते. लघवी गडद आणि डोळे पिवळे दिसले की रक्ततपासणी करा, त्यात दिवस घालवू नका.

मग जादूटोणाविरोधी कायद्याचं काय? तो तर याच भेदावर उभा आहे ना?

बहुतेकांना तसं वाटतं. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा केला. त्याच्या लांबलचक नावात ‘जादूटोणा’ आहे, पण जादू म्हणजे काय याची तात्त्विक व्याख्या कायदा करतच नाही. अनुसूचीत कृत्यांची यादी आहे, ती कृत्यं करणं म्हणजे जादूटोणा. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर औषधोपचार रोखून गंडेदोरे करणं, भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, कुणाला चेटकीण ठरवून छळणं, अशी ती यादी आहे. दुसरीकडे पूजा, प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, भजन यांना कायदा लागू नाही, असंही स्पष्ट लिहिलं आहे.

कसोटी आहे ती इजेची, फसवणुकीची आणि उपचार अडवण्याची. वर्षानुवर्षं घासाघीस झालेल्या त्या मसुद्याने मानववंशशास्त्रज्ञांना न सुटलेला प्रश्न सोडवायला घेतलाच नाही, आणि कायदा म्हणून ते योग्यच झालं असं मला वाटतं.

शब्द टाकूनच द्यायचा का?

यावर एकमत नाही. काहींचं म्हणणं, संज्ञा म्हणून तो बाद करा. बर्न्ड-ख्रिस्तियान ओटो आणि मिखाएल श्टाउसबर्ग यांनी 2013 मध्ये सुचवलं की ‘जादू’ या एका पोत्यात कोंबलेल्या गोष्टी वेगळ्या काढा. शब्दांनी घडवून आणणं, वस्तूंचं सामर्थ्य, दुसऱ्याला अपाय, असे वेगवेगळे नमुने वेगवेगळे अभ्यासा, म्हणजे एकाच्या गुणांवरून दुसऱ्याला जोखलं जाणार नाही. नुसता शब्द बदलून भागत नाही, हे मात्र खरं. ‘जादू’ खोडून ‘विधी’ लिहिणारे कितीतरी निबंध मी वाचलेत, ज्यांत आतला भेद जसाच्या तसा असतो.

आमच्या गटात आम्ही एक सवय लावून घेतली आहे. कुठे ‘जादू’ हा शब्द आला की समासात तीन गोष्टी लिहायच्या: कोण म्हणतंय, कुणाला म्हणतंय, आणि ज्याला म्हटलंय तो स्वतः आपल्या कामाला काय म्हणतो. काविळीच्या सूक्तापाशी माझ्या प्रतीत लिहिलं आहे: फ्रेझर आणि ब्लूमफील्ड, अथर्व्यांना, ते स्वतः, ‘भैषज्य’, म्हणजे औषध.